गुटी नको, हे सातव्या महिन्यातच सांगा

बाळाला गुटी द्यायची नाही असं मनाशी ठरवलेल्या सुना आता पुष्कळ भेटतात. तसं सासूला तोंडावर सांगणाऱ्या फार थोड्या. बाकीच्या काय करतात ते घरोघरी माहीत आहे. सासूबाईंनी उगाळून दिलेली वाटी आतल्या खोलीत न्यायची, बेसिनमध्ये ओतायची, वाटी विसळून आणायची आणि "दिली हो आई" म्हणायचं. नाहीतर सगळं डॉक्टरांवर ढकलायचं: "मला काही नाही हो, पण डॉक्टर ओरडतात." दोन्हींमध्ये भांडण टळतं, म्हणून दोन्हींना आपण समजूतदारपणा म्हणतो. मला हे पटत नाही. मी स्वतः आता सासू आहे, आणि माझ्या सुनेनं मला फसवून शांत ठेवावं यापेक्षा समोर बसून नाही म्हणावं, असंच मला वाटतं. त्यात मान जास्त आहे.

आधी गुटीबद्दल बोलू, कारण नेमकं कशाला नाही म्हणायचं हे कळलं नाही तर नकार सैल होतो आणि उगाच सगळ्या घरावर जातो. गुटीच्या डब्यात हळकुंड, वेखंड, सुंठ, जायफळ, मुरुडशेंग, हिरडा, बेहडा, अतिविष, काकडशिंगी, ज्येष्ठमध, मायफळ, डिकेमाली असं काय काय असतं, शिवाय बदाम आणि खारीक. घराघरातली यादी वेगळी. सहाणेवर आईचं दूध किंवा उकळून गार केलेलं पाणी घालायचं, प्रत्येक जिन्नस सुरुवातीला एकच वेढा उगाळायचा, बाळ मोठं होईल तसे वेढे वाढवायचे. कुठे त्यात मधाचं बोट फिरवतात. मग बोंडल्यानं किंवा चमच्यानं पाजायची. हे काम वर्षानुवर्षं आजीचं आहे. कोणत्या बाळाला पोटदुखी, कोणाला खडा, कोणाला सर्दी हे पाहून कुठला जिन्नस वाढवायचा ते तिला कळतं, असा तिचा मान. म्हणूनच गुटीला नाही म्हणताना सुनेला वाटतं आपण एका वाटीबद्दल बोलतोय, आणि सासूला ऐकू येतं की या घरात आता तुमची गरज नाही.

तरीही नाही म्हणावं, याची कारणं साधी आहेत. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही नको, पाणीसुद्धा नको. डॉक्टरांनी दिलेलं औषध आणि थेंब तेवढे अपवाद. बाहेरचं जे जे तोंडात जातं त्याबरोबर जंतू जाण्याची वाट उघडते, आणि तेवढ्या प्रमाणात बाळ दूध कमी ओढतं. सहाण कितीही धुतली तरी दगडाच्या भेगांत काल उगाळलेलं राहतं, आणि हळकुंडाचा ओला तुकडा पुन्हा त्याच डब्यात जातो. मधाचा प्रश्न वेगळाच आहे. बोट्युलिझम नावाच्या आजाराच्या जंतूंची बीजं मधात असू शकतात. मोठ्या माणसाला त्याचं काही होत नाही, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र ती रुजू शकतात. आधी शौचाला होत नाही, मग रडणं क्षीण होतं, ओढण्याची ताकद जाते, बाळ मान टाकतं. आजार दुर्मीळ आहे, पण घरच्या पातेल्यात मध उकळून ती बीजं मरत नाहीत. जायफळानं गुंगी येते. "गुटी दिली की बाळ छान झोपतं" यातल्या छान झोपण्यात किती जायफळ आहे हे कोणी मोजत नाही, आणि झोपलेलं बाळ प्यायला उठत नाही. वेखंडाच्या तेलातल्या एका घटकामुळे उंदरांमध्ये गाठी झालेल्या दिसल्या, म्हणून अमेरिकेत 1968 पासून ते खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी आहे. एका वेढ्यानं तसं होईल असं मी म्हणत नाही. पण वेढा म्हणजे किती, हे हाताच्या दाबावर ठरतं, आणि सकाळी आजीचा हात आणि संध्याकाळी आत्याचा हात सारखा नसतो.

इथे सासू हटकून एक प्रश्न विचारते आणि तो रास्त आहे: "त्या ड जीवनसत्त्वाच्या बाटलीतले थेंब चालतात, आणि माझी गुटी नाही?" उत्तर रास्त द्यावं. थेंबात काय आहे, किती आहे, कशासाठी आहे, हे ठरलेलं असतं, आणि काही झालं तर कोणाला विचारायचं तेही ठरलेलं असतं. एखाद्या वैद्यांनी बाळाला तपासून त्याच्या अमुक त्रासावर अमुक औषध दिलं, तर तेही औषधच, आणि त्यावर बोलायला ते वैद्य आहेत. बाळाला काही झालेलं नसताना रोज, सवय म्हणून, डझनभर जिनसांचं मिश्रण पाजणं या दोन्हींत बसत नाही. आणि हाच न्याय दुकानातल्या ग्राइप वॉटरला, बाटलीबंद गुटीला, वरच्या दुधाच्या पावडरीलाही लावायला हवा. सहाणेवरची गुटी नको आणि ग्राइप वॉटर चालेल असं करणारी सून आरोग्याचं कारण सांगते, पण घरातल्यांना त्यात फक्त नव्याची हौस दिसते, आणि तसं दिसलं तर त्यांना दोष देता येत नाही.

आता सांगायचं कसं. शब्दांपेक्षा वेळ महत्त्वाची आहे असं मला वाटतं. पहाटे तीनला बाळ किंचाळतंय, सासूबाई डबा घेऊन दारात उभ्या आहेत, सून दोन रात्री झोपलेली नाही, तेव्हा कितीही सभ्य वाक्य म्हटलं तरी ते कानफटात मारल्यासारखं लागतं. सासूला त्या क्षणी आपण मदत करतोय असं वाटत असतं. सांगायचं ते सातव्या महिन्यात, डोहाळजेवणाच्या आसपास. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, म्हणजे एका छताखाली निवांत बोलायची ती शेवटची वेळ. पुढची भेट बारशाला, आणि बारशाला घरात पंधरा बायका असतात. त्यातली एखादी मावशी "अगं, चाटव की जरा मध" म्हणणारच. सासूला आधी सांगितलेलं नसेल तर सगळ्यांसमोर तिचा हात अडवावा लागतो, आणि तो अपमान ती विसरत नाही. आधी सांगितलेलं असेल तर निदान ती तयार असते.

माहेराचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट स्पष्टच लिहिते, कारण नकार सर्वात जास्त इथे फसलेले मी पाहिले आहेत. गुटी बहुतेक वेळा सुरू होते ती सासरी नाही, माहेरी. बाराव्या-पंधराव्या दिवसापासून मुलीची आईच उगाळायला बसते, आणि मुलगी आईला काही बोलत नाही, कारण आई रात्रभर जागते, आई आळिवाचे लाडू करते, आई आपलीच. मग सव्वा महिन्यानं किंवा तिसऱ्या महिन्यात सासरी आल्यावर तीच मुलगी पुस्तकातलं सगळं सासूला ऐकवते. सासूला बाळाच्या दुपट्यावरचे हळदीचे डाग दिसत नाहीत असं वाटतं का? ते दिसले की विषय गुटीचा राहत नाही, माझी आई आणि तुमची आई असा होतो. नकार आधी आपल्या आईला द्यावा, आणि सासूला सांगताना तो आईलाही दिला आहे हे सांगावं.

माझ्या भाचीनं हे कसं केलं ते सांगते. सासर कराडकडचं, माहेर बार्शीचं. सासूबाई स्वभावानं कडक पण सरळ. स्वतःच्या तिन्ही मुलांना आणि दिराच्या मुलांनाही त्यांनीच गुटी दिलेली. भाचीनं आणि तिच्या नवऱ्यानं एका रविवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर, त्यांच्याजवळ बसून विषय काढला. ती म्हणाली, "आई, बाळाला सहा महिने माझ्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही असं आम्ही ठरवलंय. गुटी नाही, मध नाही, ग्राइप वॉटर नाही. बार्शीला माझ्या आईलाही हेच सांगितलंय. तुम्हाला बारशाच्या दिवशी कळावं असं मला नको होतं, म्हणून आत्ता सांगते."

सासूबाई म्हणाल्या, "ह्याला दिली की मी. काय झालं ह्याला?"

या प्रश्नावर बहुतेक सुना घसरतात. एकतर मोबाइल काढून काहीतरी वाचून दाखवतात, किंवा "तेव्हा लोकांना माहीत नव्हतं" म्हणतात. सासूला हे असं ऐकू येतं की तू अडाणी होतीस आणि तुझं पोर नशिबानं वाचलं. खरं तर तसं झालेलंच नाही. सहा महिने निव्वळ दूध हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला 2001 पासूनचा आहे. त्याआधी तोच सल्ला चार ते सहा महिने असा होता. म्हणजे 1990 च्या सुमारास बाळंत झालेल्या बाईला तिच्या डॉक्टरांनी चौथ्या महिन्यात वरणाचं पाणी सुरू करा असं सांगितलं असेल, तर ते त्या वेळच्या रीतीनं बरोबरच होतं. तिनं त्या काळात मिळालेला सगळ्यात चांगला सल्ला मानला, आता सून या काळातला मानते आहे. भाचीनं एवढंच म्हटलं, "काही झालं नाही आई, तुम्ही छानच वाढवलंत त्यांना. तेव्हा जे सांगायचे ते तुम्ही केलंत. बहुतेक बाळांना काही होतही नाही. पण कुठल्या बाळाला होईल हे आधी कळत नाही, म्हणून मला नको आहे." हे पूर्ण खरं वाक्य आहे. गुटीनं बाळं मरतात अशी भीती घालणं खोटं ठरलं असतं, आणि तिच्या डोळ्यांसमोर तिचीच तीन धडधाकट मुलं असताना ते तिला पटलंही नसतं.

मग तिच्या नवऱ्यानं तोंड उघडलं, आणि हे त्याचं कामच होतं. "आई, हे तिचं एकटीचं नाही. मला पण नको आहे." नवरा गप्प बसला तर नकार सुनेच्या नावावर लागतो, कायमचा. नवरा एकटाच बोलला तर "बायकोनं पढवून पाठवलाय" होतं. दोघं समोर, पण पहिलं वाक्य सुनेचं, असं मला योग्य वाटतं. कारण दूध तिला पाजायचं आहे आणि पुढची वर्षानुवर्षं नातंही तिलाच निभवायचं आहे. डॉक्टरांचं नाव तिनं घेतलं नाही. ते घेतलं की सासू उद्या दुसऱ्या डॉक्टरांचं नाव आणते, आणि तसं नाव कुठेही मिळतं.

सासूबाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बरं, शास्त्रापुरतं तरी? सोन्याच्या अंगठीनं एक बोट मध."

शास्त्रापुरतं. या शब्दापाशी बहुतेक सगळे नकार मोडतात, कारण एवढंसं नाही म्हणणं कोतेपणाचं वाटतं. पण मधाच्या बाबतीत एक बोट आणि एक वाटी असा फरक धरता येत नाही. बीज बोटातही असू शकतं. आणि एकदा शास्त्रापुरतं झालं की दुसऱ्या दिवशी "काल दिलं तेव्हा काय झालं?" हे येतंच. भाची म्हणाली, "मध नको आई, वर्षभर नको. पण पाचवीला तुमची सहाण आणि गुटीचा डबा पूजेत मांडूया, मी बार्शीला घेऊन जाते." पाचवीला सटवाईच्या पूजेत पाटा-वरवंटा मांडतातच, त्यांच्या शेजारी ती सहाण बसली. त्यात खोटं काही नव्हतं. त्या सहाणेवर उगाळलेल्या वस्तूंनी त्या घरातल्या दोन पिढ्या वाढल्या होत्या आणि तिला हळदकुंकू वाहण्यात कोणाचंही पोट बिघडत नव्हतं. प्रत्येक प्रथेला असं काही सापडतंच असं नाही. सापडलं नाही तर ओढूनताणून शोधू नये, सासूला ते लगेच कळतं.

आता बेसिनमध्ये ओतण्याबद्दल, कारण मला मुख्यतः त्याविरुद्धच लिहायचं आहे. या मार्गाच्या बाजूनं सांगतात की कोणी दुखावलं जात नाही, सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे. पण सहा महिन्यांनंतर काय होतं? नोकरी करणाऱ्या बाईला पहिल्या दोन मुलांसाठी कायद्यानं 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते, म्हणजे रजा संपते नेमकी त्याच सुमाराला. बाळाला उष्टावण होतं, वरणभात, नाचणीची खीर सुरू होते आणि दिवसभर बाळ आजीकडे राहतं. त्या दिवसापासून बाळाच्या पोटात काय गेलं, किती गेलं, ताप आला तेव्हा काय दिलं, हे सगळं सुनेला आजीच्या तोंडून कळणार आहे. सहा महिने रोज दोनदा "दिली हो आई" म्हणणाऱ्या सुनेला आजीकडून खरं ऐकायचा आधार कुठून मिळणार? आजीनं रोज मनापासून उगाळलेलं आपण ओतत होतो हे तिला कळतंच, कामवालीच्या तोंडून, नाहीतर बेसिनमध्ये राहिलेल्या पिवळ्या साक्यातून. मग तीही मध चाटवून "नाही हो दिला" म्हणायला मोकळी होते. वर्षाच्या आत मध नको हा भाग तर अजून संपलेलाच नसतो.

नकार दिल्यावर खरी परीक्षा बाळाच्या रडण्याची असते. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून पुष्कळ बाळं संध्याकाळी कारण नसताना रडतात. सहाव्या आठवड्याच्या आसपास ते शिगेला पोहोचतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. गुटीचा गुण येण्याचा काळही बरोबर हाच. म्हणून पिढ्यानपिढ्या तिला यश मिळत गेलं. पण त्या रडण्यात "दूध पुरत नाही, वेखंडाचा एक वेढा दिला असता तर" हे वाक्य घरात तरंगतं, आणि त्या वेळी सुनेकडे दाखवायला काहीतरी हवं. ते असतं. पहिल्या आठवड्यानंतर दिवसभरात सहा-आठ वेळा लंगोट ओले होतात, जन्मानंतर कमी झालेलं वजन दोन आठवड्यांच्या आत भरून येतं, आणि पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण 25 ते 30 ग्रॅम वाढतं. भाचीच्या घरी वजनाच्या दिवशी सासूबाईंनाच दवाखान्यात बरोबर नेत. काट्यावरचा आकडा त्या स्वतः पाहत आणि घरी येऊन त्याच सांगत. दूध पिणारं बाळ दीड महिन्यानंतर कधी कधी तीन-चार दिवस शौचाला करत नाही, पण पोट मऊ असेल, पीत असेल, तर ते चालतं, हेही त्यांना आधी सांगून ठेवलेलं होतं. नाहीतर हिरडा तिथेच बाहेर आला असता. बाळ मान टाकतंय, ओढत नाही, रडणं बारीक झालंय, हिरवी उलटी करतंय किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आलाय, तर मात्र गुटी की नाही हा वादच नसतो. लगेच दवाखाना.

सगळ्या घरांत हे असं होत नाही, हे मला माहीत आहे. जिथे सुनेच्या हाताशी पैसा नाही, नवरा आईसमोर बोलत नाही, आणि नाही म्हटल्याबद्दल तिला जेवण किंवा माहेरचा फोन तोडला जातो, तिथे समोर बसून सांग हा माझा सल्ला मी देणार नाही. तिथे नकार आदरानं द्यायचा की कसा, हा तिचा प्रश्नच राहत नाही. तिनं बाळाला वाचवावं, ओतायचं असेल तर ओतावं, आशाताईंना घरी बोलावून त्यांच्या तोंडून सांगावं. खोटं बोलू नको, असं मी म्हणते ते जिला खरं बोलायची सोय आहे तिला. आणि माझ्या ओळखीतल्या ओतणाऱ्या बहुतेक सुनांना ती सोय होती.

सासूनं पाठीमागे दिलीच तर? ओठांच्या कोपऱ्यात पिवळं दिसतं, तोंडाला वेखंडाचा वास येतो, बाळ नेहमीच्या वेळी प्यायला उठत नाही. तेव्हा शेजारणीकडे बोलण्यापेक्षा सरळ विचारावं, रागावून नव्हे: "आई, काय काय दिलंत आणि किती, ते मला सांगा, डॉक्टरांना सांगावं लागेल." जे दिलं ते खरं कळणं त्या क्षणी सगळ्यात महत्त्वाचं, आणि आरडाओरड्यात खरं कळत नाही.

भाचीच्या सासूबाई त्या रविवारनंतर दोन-तीन दिवस मोजकंच बोलल्या. डोहाळजेवणाला त्यांनी सगळं साग्रसंगीत केलं, पण गुटीचा विषय स्वतःहून काढला नाही. भाचीनंही काढला नाही, आणि हे मला फार आवडलं. त्यांना पटलं पाहिजे, हसून बरं म्हटलं पाहिजे, असा तिचा हट्ट नव्हता. नाराज होण्याचा त्यांना हक्क होता आणि तिनं तो त्यांना घेऊ दिला. बारशाला एका नणंदेनं मधाची वाटी पुढे केली, तेव्हा सासूबाईंनीच ती बाजूला सारली आणि म्हणाल्या, "आमच्याकडे नाही द्यायचा, वर्षाचं होईपर्यंत." त्यांना पटलं होतं का, हे भाचीनं त्यांना अजून विचारलेलं नाही.